एल यीस्ट की लागर यीस्ट: आधी खोलीचं तापमान बघा

एल आणि लागर हे बिअरचे दोन प्रकार. घरी बिअर करताना पहिल्या बॅचला एल यीस्टच घ्या. लागरचं यीस्ट हा संकर आहे आणि थंडी सोसण्याचा गुण त्याला एका जंगली यीस्टकडून आलाय. म्हणून ते १० ते १२ अंशांवर शांतपणे काम करतं. एल यीस्टला १८ ते २० अंश लागतात.

ठाण्यात एप्रिलमध्ये खोली ३१ अंशांवर असते. पण मोजायचं ते खोलीचं नाही, बिअरचं तापमान. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे २० लिटरचा डबा खोलीपेक्षा ३-४ अंश सहज वर जातो. ३४-३५ अंशांवर यीस्ट भराभर वाढतं आणि एस्टर व जड अल्कोहोल जास्त बनवतं. मग पिकलेल्या केळ्याचा, नेलपॉलिशचा वास येतो आणि घशाशी जळजळतं. ही चव नंतर कितीही मुरवलं तरी पूर्ण जात नाही.

वास ठरतो तो मुख्यतः पहिल्या ३ दिवसांत. त्यामुळे यीस्ट घालण्याआधीच वर्ट, म्हणजे माल्टचं न आंबलेलं गोड पाणी, १८ अंशांवर आणा. ओलं फडकं गुंडाळायचा उपाय आपल्या दमट हवेत फारसा चालत नाही. जुना फ्रिज आणि थर्मोस्टॅट घ्या, सेन्सर डब्याला चिकटवून वर थर्मोकोल लावा.

लागर केलीच तर यीस्ट दुप्पट घाला. शेवटाकडे २-३ दिवस १६ अंशांवर ठेवा, म्हणजे आंबताना तयार झालेला लोण्याचा वास यीस्ट स्वतःच शोषून घेतं.