टीपीएने कापलेले पैसे कोणाकडे मागायचे?

प्रश्न : वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन कॅशलेसमध्ये झालं. माझी पाच लाखांची पॉलिसी आहे. बिल १,५२,००० झालं, मंजुरी १,१०,००० ची आली आणि डिस्चार्जच्या वेळी ४२,००० आम्हाला भरावे लागले. हॉस्पिटल म्हणतं, टीपीएने कापले. टीपीए म्हणतो, हे कंपनीचे नियम आहेत. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला की ते टीपीएशी बोला म्हणतात. टीपीएवर केस करता येईल का? बिल आणि मंजुरीपत्राच्या प्रती सोबत पाठवत आहे.

उत्तर : टीपीएवर केस करण्यात वेळ घालवू नका. तुमचा करार विमा कंपनीशी आहे, प्रीमियम तुम्ही तिलाच भरता. टीपीएला मेहनताना कंपनी देते आणि तो कंपनीच्या वतीने काम करतो : कार्ड देणं, हॉस्पिटलकडून आलेली कॅशलेसची विनंती तपासणं, शंका विचारणं, बिल पॉलिसीच्या अटींशी पडताळणं आणि मंजुरीपत्र पाठवणं. दावा द्यायचा की नाकारायचा, हा निर्णय मात्र कायद्याने कंपनीचाच असतो. म्हणून ‘टीपीएशी बोला’ हे कंपनीचं उत्तर मला मुळीच मान्य नाही. टीपीएने चूक केली असेल तर ती कंपनीचीच चूक धरली जाते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हॉस्पिटलमध्ये ज्या खिडकीवर ‘टीपीए डेस्क’ असं लिहिलेलं असतं, तिथे बसलेली व्यक्ती सहसा हॉस्पिटलचीच कर्मचारी असते. तिने ‘टीपीएने कापले’ असं सांगितलं, तर ती हॉस्पिटलची बाजू समजा, टीपीएचं म्हणणं नव्हे. टीपीएचं म्हणणं मंजुरीपत्रात लेखी असतं. तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर कपातीचा तक्ता आहे. तो बिलाशेजारी ठेवून मी वाचला, तेव्हा ४२,००० ची ही कपात एका प्रकारची नाही हे दिसलं.

पहिली रक्कम १४,००० ची आहे. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर यांचे हॉस्पिटलने ७४,००० लावले. तुम्ही घेतलेल्या वर्गाच्या खोलीसाठी कंपनीशी ठरलेला दर ६०,००० आहे. वरच्या रकमेपुढे ‘ठरलेल्या दरापेक्षा जास्त’ असा शेरा आहे. ही रक्कम कंपनी देणार नाही, पण हॉस्पिटलने ती तुमच्याकडून घ्यायलाही नको होती. मंजुरीपत्राच्या अटी वाचा : ठरलेल्या दराच्या वर रुग्णाकडून काही वसूल करायचं नाही, अपवाद फक्त पॉलिसीत न बसणाऱ्या खर्चाचा आणि पात्रतेपेक्षा वरची खोली घेतल्यामुळे वाढलेल्या खर्चाचा, अशा अर्थाचा मजकूर तिथे असतो. तुमच्या खोलीचा फरक वेगळा कापलेला आहे, त्यामुळे हे १४,००० त्या अपवादात बसत नाहीत. ते हॉस्पिटलकडे मागा. अर्ज व्यवस्थापकाच्या नावाने द्या, पोच घ्या, मंजुरीपत्राची प्रत जोडा आणि एक प्रत कंपनीला पाठवा, कारण दराचा करार मोडला जातोय हे तिला कळायला हवं.

दुसरी गोष्ट खोलीची. तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० आहे. तुम्ही ६,००० ची खोली चार दिवस घेतली. त्याचे ४,००० तुमच्याच खिशातून जाणार. त्याबरोबर संलग्न वैद्यकीय खर्चही, म्हणजे इथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटर यांचा खर्च, त्याच प्रमाणात कमी होतो, म्हणून ६०,००० चे ५०,००० झाले. हे १०,००० योग्य आहेत, पण एका अटीवर : हॉस्पिटलचे दर खोलीच्या वर्गानुसार बदलत असले पाहिजेत. सर्व खोल्यांना सर्जनची फी एकच असेल, तर ही कपात चुकीची ठरते. म्हणून हॉस्पिटलचं दरपत्रक आताच मागून घ्या.

खरी चूक याच्या पुढे आहे. औषधं, तपासण्या आणि हर्नियासाठी बसवलेली जाळी यांच्या ४८,००० वरही तोच सहावा हिस्सा लावून ८,००० कापले आहेत. तुमच्या पॉलिसीतली ‘संलग्न वैद्यकीय खर्च’ ही व्याख्या काढून बघा. औषधं, शरीरात बसवायच्या वस्तू आणि निदानाच्या तपासण्या तिच्यातून स्पष्ट वगळल्या आहेत. खोली कोणतीही घेतली तरी जाळीची किंमत बदलत नाही. हे ८,००० कंपनीने द्यायचे आहेत.

उरलेले ६,००० हातमोजे, डायपर, नोंदणी शुल्क अशा गोष्टींचे आहेत. तुमच्या पॉलिसीत त्यांचं जादा संरक्षण घेतलेलं नाही, तेव्हा ते सोडून द्या.

आता ८,००० साठी काय करायचं ते सांगतो. कस्टमर केअरचे फोन बंद करा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा. त्याचा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असतो. दावा क्रमांक, कपातीची ओळ आणि व्याख्येचं कलम एवढंच लिहा, वडिलांना झालेल्या त्रासाची हकीकत नको. अंशतः कपात करतानाही पॉलिसीच्या नेमक्या अटीचा उल्लेख करून कारण कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे, हे वाक्य मात्र जरूर घाला. उत्तरासाठी तिला १४ दिवस असतात. सोबत ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर, bimabharosa.irdai.gov.in इथे, तक्रार नोंदवा. विमा नियामक तिथे स्वतः निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीकडे जाते आणि तिचं उत्तर नोंदलं जातं.

एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करा. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र तुम्ही आधी ग्राहक आयोगात गेलात, तर लोकपालाचं दार बंद होतं. ८,००० साठी मी तुम्हाला लोकपालच सुचवेन.

हॉस्पिटलवर मात्र लोकपालाचा अधिकार चालत नाही. अर्जाला दाद दिली नाही, तर त्या १४,००० साठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत दोन वर्षांची. तिथे कंपनीलाही पक्षकार करा, म्हणजे ठरलेल्या दरांचा करार रेकॉर्डवर येईल. दोन्ही वाद एकाच तक्रारीत मांडायचे असतील, तर लोकपालाकडे जाण्यापूर्वीच तसं ठरवा.

मग टीपीएकडे काय मागायचं? कागदपत्रं. कपातीचा सविस्तर तक्ता, हॉस्पिटलला विचारलेल्या शंका आणि हॉस्पिटलने दिलेली उत्तरं या सगळ्यांच्या प्रती ई-मेलवर मागा, कारण फाईल त्याच्याकडेच असते. वडिलांच्या ऑपरेशनआधीच्या सोनोग्राफीचं आणि घरी आल्यानंतरच्या औषधांचं बिलही त्याच्याकडेच द्यायचं आहे. कॅशलेसमध्ये ते आलेलं नाही आणि त्यासाठी पॉलिसीत वेगळी मुदत दिलेली असते, ती आजच तपासून घ्या.