वॉटर चेस्टनटवर आळ, करामत काजूची

प्रश्न: वॉटर चेस्टनट हा नट आहे का? ट्री नट ॲलर्जी असलेल्या माणसाने तो खाल्ला तर चालेल का?

नट नाही, आणि बहुतेकांना चालतो. एका ओळीचं उत्तर आहे खरं, पण याच प्रश्नावरून आमच्या घरात दोन तट पडले होते आणि त्यातला एक तट अजून माघार घ्यायला तयार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुम्ही नक्की कशाबद्दल विचारताय ते बघा, कारण या एका नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती खपतात. एक आपला शिंगाडा. पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीचं हे शिंगं असलेलं फळ, डाळिंब आणि मेंदीच्या कुळातलं. दुसरा म्हणजे डब्यात पांढऱ्या चकत्या करून मिळतो तो. तो फळच नाही, चिखलात वाढणारा कंद आहे, नागरमोथ्याच्या कुळातला. कितीही परता, शिजवा, दाताखाली कुरकुरीतच लागतो. दोन्हींचा झाडावर लागणाऱ्या काजू-अक्रोडाशी काडीचा संबंध नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

शिंगाड्याला कठीण कवच असतं आणि आत एकच बी असतं, म्हणून वनस्पतीशास्त्रवाले वाद घालू शकतात. घालू देत. त्यांच्या व्याख्येत बदामही नट नाही आणि शेंगदाणा तर कडधान्याच्या घरातला. म्हणून त्यांची ॲलर्जी होत नाही का? शरीर व्याख्या वाचत नाही, प्रथिनं ओळखतं. काजू, पिस्ता, अक्रोड यांच्या बियांत पुढच्या रोपासाठी साठवलेली काही टणक प्रथिनं असतात. भाजून, शिजवून ती सहजासहजी मोडत नाहीत, पोटातही बराच वेळ टिकतात, आणि ॲलर्जी असलेल्याचं शरीर त्यांच्यावरच तुटून पडतं. काजू आणि पिस्ता एका कुळातले, त्यांची ही प्रथिनं इतकी सारखी की एकाची ॲलर्जी असली की बहुधा दुसऱ्याचीही असतेच. वॉटर चेस्टनट या गोतावळ्यात नाही. त्यात मुख्यतः पाणी आणि पिष्ट. युरोपच्या कायद्यात पाकिटावर ठळक लिहायलाच हवेत असे आठ नट दिलेत: बदाम, हेझलनट, अक्रोड, काजू, पिकान, ब्राझील नट, पिस्ता आणि मॅकाडेमिया. अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी 2025 मध्ये स्वतःची यादी छाटून छोटी केली, तिच्यातही वॉटर चेस्टनट नाही.

आता आमचं. माझ्या मुलीला काजू आणि पिस्त्याची ॲलर्जी आहे, तपासून सिद्ध झालेली. मोठ्या नणंदबाईंकडे सगळे जेवायला जमलो होतो. टेबलावर भाज्यांचं सूप होतं आणि डब्यातले वॉटर चेस्टनट घालून परतलेल्या भाज्या होत्या. मी नेहमीप्रमाणे आधीच विचारलं, "ताई, कशात नट्स नाहीत ना?" त्या म्हणाल्या, "सूपात एकही नाही. भाजीत मात्र ते चेस्टनट आहेत हं, ते हिला देऊ नकोस." मी म्हटलं तो नट नव्हे, कंद आहे, तिने घरी खाल्लाय. डब्यावरचं लेबलही वाचून दाखवलं: वॉटर चेस्टनट, पाणी, सायट्रिक ॲसिड. नणंदबाईंनी ओठ मुडपले. मुलीने भाजी खाल्ली, सूप प्यायली.

दहा मिनिटं झाली असतील-नसतील, ती जीभ दातांवर घासायला लागली. "आई, जीभ खाजतेय." वरचा ओठ एका बाजूने सुजला, मानेवर गांधी उठल्या, मग उलटी, आणि उलटीपाठोपाठ तो कोरडा, थांबून थांबून येणारा खोकला. त्वचा, पोट आणि श्वास असं दोन-तीन ठिकाणी एकदम सुरू झालं की गोळी शोधत बसायचं नसतं. अँटीहिस्टामिनने खाज जाते, श्वासनळी उघडत नाही. मी पर्समधलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन-पेन काढलं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला फ्रॉकवरूनच दाबलं, तिला कुशीवर निजवलं आणि नवऱ्याने ॲम्ब्युलन्स बोलावली. तिला उठवून चालवत गाडीपर्यंत न्यायला निघालेल्या दोघांना मी ओरडून थांबवलं. अशा वेळी रक्तदाब पडलेला असू शकतो, एकदम उभं केलं तर जीवावर बेततं. हॉस्पिटलमध्ये रात्रभर ठेवून घेतलं, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

आणि या सगळ्या धावपळीत नणंदबाईंचं एकच पालुपद: "मी सांगत होते ना, चेस्टनट आहे म्हणून!" सासूबाई, जाऊबाई, सगळ्यांचं तेच. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना इतिहास सांगायलाही ताईच पुढे, त्यामुळे कागदावर आलं, "वॉटर चेस्टनट खाल्ल्यानंतर रिॲक्शन." असं एकदा कागदावर आलं की पुढचा प्रत्येक डॉक्टर तेच उतरवून घेतो. शाळेच्या फॉर्मवरही तेच गेलं.

माझ्या डोक्यातून मात्र सूप जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन केला आणि यावेळी नट्स आहेत का असं विचारलंच नाही. म्हटलं, ताई, पातेलं गॅसवर ठेवल्यापासून काय काय घातलंत ते क्रमाने सांगा. कांदा, लसूण, गाजर, फ्लॉवर, मीठ, मिरपूड. मग जरा थांबून, "आणि दाटपणा यावा म्हणून मूठभर काजू भिजवून वाटून घातले. पण ते गाळून घेतलं होतं गं, एक कणसुद्धा नव्हता."

गाळून घेतलं होतं! म्हणजे या बाईंच्या लेखी दिसतो तो नट. चकतीला चेस्टनट म्हणतात म्हणून ती धोक्याची, आणि मूठभर काजू वाटून उकळले की त्यांचं दूध झालं, नट राहिलाच नाही. काजूचं प्रथिन गाळणीत अडकत नाही आणि उकळून मरत नाही.

तरी "काजूच असणार" हा माझाही अंदाजच होता, म्हणून मी तो तपासून घेतला. तुमचीही हीच शंका असेल तर असंच करा. मोठी रिॲक्शन आल्यावर साधारण चार ते सहा आठवडे थांबायचं, कारण त्या काळात त्वचेची चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. चाचणीआधी अँटीहिस्टामिन सुमारे आठवडाभर बंद, पण डॉक्टरांना विचारूनच. तयार अर्क सगळ्या पदार्थांचे मिळत नाहीत, म्हणून आम्ही ताजा शिंगाडा, ताजा कंद आणि डब्यातली चकती तिन्ही घेऊन गेलो. सुई आधी पदार्थात टोचतात, मग तीच हातावर टोचतात. शेजारी एक टोच सलाइनची, एक हिस्टामिनची, म्हणजे त्वचा प्रतिसाद देतेय की नाही ते कळतं. पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांध मोजायची. सलाइनपेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. काजूच्या टोचेवर चांगला फुगवटा उठला. शिंगाडा, कंद, चकती, तिघांवर काहीही नाही.

एवढ्यावर आमच्या डॉक्टरांनी सोडलं नाही, आणि तेच बरोबर होतं. क्लिनिकमध्येच, इंजेक्शन हाताशी ठेवून, आधी वॉटर चेस्टनटचा वाटाण्याएवढा तुकडा, मग दर वीस मिनिटांनी वाढवत वाढवत शेवटी वाटीभर खायला दिलं आणि नंतर बसवून ठेवलं. मुलीला काही झालं नाही. उलट "अजून आहे का" म्हणाली. कागदावरून वॉटर चेस्टनट काढून टाकला, शाळेचा फॉर्म बदलला. हे घरी करून बघू नका, विशेषतः आधी मोठी रिॲक्शन आलेली असेल तर.

काही लोक म्हणतील, कशाला एवढा खटाटोप, एक पदार्थ नाही खाल्ला तर काय बिघडतं? बिघडतं. संशयाचा पदार्थ चुकीचा धरला की खरा पदार्थ मोकळा सुटतो. वॉटर चेस्टनटला दोषी धरून आम्ही घरी आलो असतो, तर पुढच्या वेळी तेच गाळलेलं सूप तिच्यापुढे आलं असतं. त्यामुळे "नट आहे का" हा प्रश्नच कुणाला विचारू नका. काय काय घातलंय आणि कशात वाटलंय ते विचारा.

शिंगाड्याचं पीठ घेत असाल तर थोडं वेगळं. शिंगाडा निर्दोष, पण ज्या जात्यात किंवा यंत्रात तो दळला जातो त्यात आधी बदाम किंवा काजू दळले असतील तर त्यांची पूड पिठात येते आणि डोळ्यांना दिसत नाही. सुटं पीठ आम्ही घेत नाही. अख्खे सुके शिंगाडे आणून घरी दळतो, किंवा उत्पादकाला सरळ विचारतो की त्याच यंत्रावर नट दळता का. पाकिटावर "नट असू शकतात" असं लिहिलेलं नसणं याचा अर्थ नट नाहीत असा होत नाही, ती सूचना बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक आहे.

कच्चा शिंगाडा दाताने सोलू नका, हे जाता जाता. पाणी घाण असेल तर सालीवर आतड्यातल्या एका चपट्या कृमीच्या अळ्या चिकटलेल्या असतात. उकळत्या पाण्यात बुडवून सुरीने सोला. शिंगाडा खाऊन पोट दुखलं म्हणजे ॲलर्जीच, असं नसतं.

आणि हो, नुसता "चेस्टनट" लिहिलेला असेल तर तो वेगळा प्राणी. ते खरोखर झाडाचं फळ, त्याची खरी ॲलर्जी होते, आणि रबराची म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्या काहींना तो त्रास देतो. वॉटर शब्द नसेल तर माझं वरचं काहीही लागू नाही. शिवाय वॉटर चेस्टनट नट नाही याचा अर्थ त्याची ॲलर्जी कुणाला होऊच शकत नाही असाही नाही. ती क्वचित होते, कुठल्याही पदार्थाची होऊ शकते. तुम्हाला तो खाल्ल्यावर तोंड खाजलं असेल, तर माझ्या मुलीची गोष्ट बाजूला ठेवा आणि तुमची चाचणी करून घ्या.

नणंदबाईंना रिपोर्ट दाखवला होता. म्हणाल्या, मशीनही चुकतं. आता त्यांच्याकडे जेवायला गेलो की सूप मी करते.