१,००० लेबलं लावायची आहेत, कोणते मेसेज निवडू?

प्रश्न: ग्राहकांचे ४०,००० मेसेज आहेत आणि वर्ग तीन: तक्रार, चौकशी, परतावा. माणसांकडून जेमतेम १,००० मेसेजना लेबल लावून घेता येईल. नेमके कोणते निवडू?

उत्तर: त्यातले २०० आधीच रँडम उचला, लेबल लावा आणि फक्त चाचणीसाठी बाजूला ठेवा. मी एकदा मॉडेलने निवडलेल्या मेसेजवरच अचूकता मोजत बसलो होतो. निवडलेले मेसेज मुळातच अवघड असतात, त्यामुळे मॉडेल सुधारत होतं तरी आकडा घसरतच होता. ते लक्षात यायला दोन आठवडे गेले.

पहिलं मॉडेल वीक सुपरव्हिजनने उभं करा, म्हणजे ढोबळ नियम लिहून. ‘पैसे परत’ दिसलं की परतावा, शेवटी प्रश्नचिन्ह असलं की चौकशी, नाहीतर नियमाने गप्प बसायचं. ‘पैसे परत कधी मिळणार?’ यावर दोन्ही नियम भांडतील. नियम कुठे जुळतात, कुठे भांडतात यावरून Snorkel ही लायब्ररी प्रत्येक नियमाचा भरवसा ठरवते आणि लेबलं संभाव्यतेच्या रूपात देते. मात्र एकच कल्पना दोन नियमांत लिहिलीत, तर तिचं मत दुप्पट मोजलं जाण्याचा धोका असतो.

आता उरलेली ८०० लेबलं. ती ५०-५० च्या फेऱ्यांत लावा आणि दर फेरीनंतर मॉडेल पुन्हा शिकवा. इथे अनसर्टन्टी सॅम्पलिंग: मॉडेल जिथे अडखळतं, तिथे माणसाला विचारायचं. अडखळणं मोजायच्या पद्धती मात्र वेगवेगळे मेसेज निवडतात. समजा एका मेसेजला मॉडेलने ०.५०, ०.४८, ०.०२ दिले आणि दुसऱ्याला ०.४०, ०.३०, ०.३०. सर्वात मोठी संभाव्यता कुठे कमी आहे एवढंच पाहिलं, तर दुसरा निवडला जातो. पहिल्या दोन वर्गांतला फरक, म्हणजे मार्जिन पाहिलं, तर पहिला. तक्रार आणि परतावा यांच्यातली सीमा पक्की करायची असेल तर मी मार्जिनच घेतो.

```python
p = np.sort(model.predict_proba(X), axis=1)
margin = p[:, -1] - p[:, -2]
pick = np.argsort(margin)[:200]
```

या २०० मधून ५० काढा, पण सगळेच वरचे उचलू नका. एकाच साच्यातले मेसेज ओळीने येतात आणि ५० लेबलांत शिकायला मिळतं पाचाइतकंच. क्लस्टर करून प्रत्येकातला एकेक घ्या. शिवाय दर फेरीत निवडलेले मेसेज स्वतः वाचा. अर्धवट तुटलेले मेसेज किंवा नुसते इमोजी भरले असतील तर ते आधी गाळा. आणि जिथे दोन माणसांचंही एकमत होत नाही, तिथे आणखी लेबलं लावून उपयोग नाही. वर्गाची व्याख्याच सुधारा.

दर ५० पैकी १० मेसेज मात्र रँडमच ठेवा. मॉडेल छातीठोकपणे चुकतं तिथे मार्जिन मोठं असतं, म्हणून ही पद्धत तिकडे फिरकतच नाही. आमच्याकडे नम्र भाषेतल्या तक्रारी मॉडेल बिनदिक्कत ‘चौकशी’त टाकत होतं. त्या सापडल्या या दहांमध्येच.