हुद्दा मागे ठेवा, जबाबदारी पुढे आणा

सर, फौजेतल्या अनुभवावर कंपन्यांना पाठवण्यासाठी लिहिलेल्या तुमच्या परिचयाची सुरुवात "सप्लाय बटालियनचं नेतृत्व केलं" अशी आहे. कंपनीतल्या माणसाला यातून निर्णय कोणाचे होते, काय बिघडू शकलं असतं, यातलं काहीच कळत नाही. तो आदराने मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो.

तेच असं लिहून बघा: "वर्षातले काही महिने रस्ता बंद असणाऱ्या भागात इंधन, धान्य आणि सुटे भाग पोहोचवण्याची जबाबदारी माझी होती. बंद काळासाठी आधी किती साठा करायचा, कशासाठी पर्यायी वाहतूक राखून ठेवायची, हे मी ठरवत असे." गोदामं सांभाळणाऱ्या संचालकाला यात स्वतःची अडचण दिसते. ठिकाण, संख्याबळ आणि साठ्याचे आकडे मात्र गाळा. त्यांच्यावाचून काही अडत नाही.

उलट टोकालाही जाऊ नका. "कर्नल म्हणजे सीईओच" असं म्हटलंत की समोरचा विचारणार, विक्रीचा भाव तुम्ही ठरवत होतात का? मंजूर निधी काटेकोरपणे खर्च केला, नफा-तोटा हाताळला नाही, हे आपणहून सांगितलेलं बरं.

मजकूर फौजेबाहेरच्या ओळखीच्याला वाचायला द्या आणि दुसऱ्या दिवशी विचारा, माझी ओळख कशी करून द्याल? उत्तर "फौजेतले मोठे अधिकारी" असं आलं तर पुन्हा लिहा. "पुरवठा तुटला तर यांना विचारा" असं आलं, की तो मजकूर पाठवायला हरकत नाही.