डाय हाऊसच्या पाण्याला मॅगमीटरच घे

अक्कलकोट रोडच्या डाय हाऊसमधल्या रंगीत, धागे येणाऱ्या सांडपाण्याचा प्रवाह मोजायला ऑरिफिस प्लेट नको, तिची दाब घेणारी टॅपिंग तुंबतात. ती वाफेला ठेव, कारण वाफ वीजवाहक नसल्याने तिथे मॅगमीटर, म्हणजे चुंबकीय प्रवाहमापक, चालतच नाही.

लाइन ८० मिमी म्हणून मीटरही ८० चा मागवू नकोस. ताशी १२ घनमीटरला त्यात वेग जेमतेम ०.६६ मीटर प्रति सेकंद येतो. ५० मिमीत १.७, म्हणजे झकास. रिड्युसर लाव.

मीटर उभ्या पाइपवर, पाणी खालून वर जाईल असा बसव, म्हणजे तो भरलेला राहतो. पीव्हीसी लाइन असेल तर दोन्ही बाजूंना अर्थिंग रिंग हवीच. व्हॉल्व्ह बंद, पाइप भरलेला, तरी आकडा नाचतोय? आधी अर्थिंग तपास, कंपनीला फोन नंतर.