132 क्रेडिट आणि 180 ईसीटीएस: खरी तूट कुठे असते?

प्रश्न: मॅडम, मी तीन वर्षांची बी.एस्सी. (संख्याशास्त्र) केली आहे. गुणपत्रकावर एकूण 132 क्रेडिट आहेत. जर्मनीतल्या डेटा सायन्सच्या दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी 180 ईसीटीएस लागतात. शिवाय त्यात गणित-संख्याशास्त्राचे किमान 30 आणि संगणकशास्त्राचे किमान 18 हवेत, असं लिहिलंय. म्हणजे मला 48 क्रेडिट कमी पडतात. एका खासगी संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा करून ते भरून काढता येतील का? डिप्लोमाचे क्रेडिट तिकडे ट्रान्सफर होतात का? अमेरिकेत तर चार वर्षांचीच पदवी चालते म्हणे. गुणपत्रक सोबत जोडलं आहे.

उत्तर: डिप्लोमाची फी अजून भरली नसशील, तर थोडं थांब. 180 मधून 132 वजा करून तू 48 काढलेस, पण ही वजाबाकी किलोमीटरमधून मैल वजा करण्यासारखी आहे. दोन्हींना क्रेडिट म्हणतात, पण मोजमाप वेगळं आहे.

तुझ्या गुणपत्रकावरचं क्रेडिट मुख्यतः वर्गातले तास मोजतं. सेमिस्टरभर आठवड्याला एक तास लेक्चर किंवा दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक क्रेडिट. तू घरी बसून गणितं सोडवलीस, जर्नल लिहिलंस, परीक्षेआधी रात्री जागवल्यास, त्याचा हिशेब त्यात नाही. युरोपातला ईसीटीएस मात्र विद्यार्थ्याचे सगळे तास धरतो: लेक्चर, स्वाध्याय, असाइनमेंट, परीक्षेची तयारी. एका ईसीटीएसमागे 25 ते 30 तास आणि पूर्णवेळ शिक्षणाच्या एका वर्षाला 60 ईसीटीएस, असं ते गणित आहे. तीन वर्षांचे 180 होतात ते यातूनच. तुझी पदवीही पूर्णवेळ तीन वर्षांचीच आहे, म्हणून रूपांतराची सर्वांत प्रचलित रीत सरळ गुणोत्तराची आहे: 180 भागिले 132, म्हणजे साधारण 1.36. तुझा चार क्रेडिटचा पेपर तिकडे सुमारे साडेपाच ईसीटीएसचा ठरतो. तेव्हा एकूण बेरजेत तू कमी पडत नाहीस.

हा गुणक सगळीकडे सारखा नसतो. काही विद्यापीठं स्वतःचा तक्ता वापरतात, काही अर्जातच तुझ्याकडून पेपरनिहाय तक्ता भरून घेतात आणि मग तपासतात. गुणक कसा काढलास ते त्या तक्त्याखाली एका ओळीत लिही. तपासणाऱ्याला तो पटला नाही तर तो आपला लावेल, पण तुझे आकडे कुठून आले हे त्याला कळायला हवं.

आता विषयवार अटीकडे ये. अर्ज अडकतात ते बहुतेक इथे. तुझ्या गुणपत्रकावरून मी असं मांडलं: संख्याशास्त्राचे 60 क्रेडिट, गणिताचे 24, संगणकाचे 8, आणि उरलेले 40 जोडविषय, भाषा, पर्यावरण, प्रकल्प वगैरेंचे. रूपांतर केल्यावर संख्याशास्त्र सुमारे 81.8 आणि गणित 32.7 होतं. त्या 30 च्या अटीच्या कितीतरी पुढे आहेस. संगणकशास्त्रात मात्र आठाचे 10.9 होतात आणि हवेत 18. तुझी तूट 48 ची नव्हे, 7.1 ची आहे.

आणि तीही कदाचित नाही. तुझे तीन प्रात्यक्षिकांचे पेपर, प्रत्येकी दोन क्रेडिटचे, ‘सांख्यिकी प्रात्यक्षिक’ या नावाने लागले आहेत. ते तू आर या प्रोग्रॅमिंग भाषेत केले असतील, तर हे सहा क्रेडिट, म्हणजे 8.2 ईसीटीएस, संगणकशास्त्राच्या रकान्यात मागता येतील. 10.9 अधिक 8.2 म्हणजे 19.1. अट 18 ची. तिकडून काढल्यावर संख्याशास्त्राचे 73.6 उरतात, तेही भरपूर आहेत. फक्त एकच पेपर दोन्ही रकान्यांत धरू नकोस. समिती ते लगेच पकडते आणि मग बाकीच्या तक्त्याकडेही संशयाने बघते.

हे पटवायचं कशाच्या जोरावर? अभ्यासक्रमपत्रिकेच्या, म्हणजे सिलॅबसच्या. विषय-समितीतले प्राध्यापक पेपरचं नाव बघून थांबत नाहीत, आत काय शिकवलं ते वाचतात. त्यात लूप, फंक्शन लिहिणं, सिम्युलेशन, डेटा स्ट्रक्चर असे शब्द असतील तर पेपर प्रोग्रॅमिंगचा मानला जाण्याची शक्यता वाढते. ‘सॉफ्टवेअर वापरून सरासरी व सहसंबंध काढणे’ एवढंच असेल तर तो संख्याशास्त्राचाच राहील, आणि त्यावर तुझं काही चालणार नाही. म्हणून आधी सिलॅबस काढून वाच, डिप्लोमाचा विचार त्यानंतर.

सिलॅबस घेताना तू ज्या वर्षी प्रवेश घेतलास त्याच पॅटर्नचा घे, विद्यापीठाच्या शिक्क्यासह. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने संकेतस्थळावर सापडला तो सिलॅबस जोडला होता. तो सुधारित पॅटर्नचा निघाला. चार पेपरांची नावं गुणपत्रकाशी जुळेनात आणि त्या चारही पेपरांचे क्रेडिट विषयवार मोजणीतून बाहेर गेले. पोरगा हुशार होता, गुण उत्तम होते, आणि अर्ज गेला कागदाच्या चुकीपायी.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पदवीची समकक्षता आणि क्रेडिट ट्रान्सफर यांची दारं निराळी आहेत. समकक्षता म्हणजे ‘तुझी पदवी आमच्या बॅचलरच्या पातळीची आहे का’ हा प्रश्न, आणि तो प्रवेशाआधी सुटतो. जर्मनीत याची पहिली तपासणी anabin नावाच्या सरकारी डेटाबेसवर होते. तिथे विद्यापीठापुढे H+ दिसलं तर ते मान्यताप्राप्त. मग त्याच डेटाबेसमध्ये पदवीचा प्रकारही बघायचा. शोधताना कॉलेजचं नाव टाकू नकोस, पदवी ज्या विद्यापीठाची आहे त्याचं टाक. कॉलेज सापडत नाही म्हणून घाबरून फोन करणारे पालक मला दर हंगामात भेटतात. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस या जर्मन पडताळणी केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी कागदपत्रं वेगळी तपासली जातात, त्यामुळे तो अर्ज वेळेत टाक. अंतिम निर्णय मात्र ज्या विद्यापीठात तू अर्ज करतेस त्याचाच असतो.

क्रेडिट ट्रान्सफर येतं प्रवेशानंतर. तू आधी केलेला एखादा पेपर त्यांच्या मास्टर्समधल्या पेपरऐवजी धरायचा का, हे तिथलं परीक्षा कार्यालय किंवा समिती ठरवते. पदव्यांच्या मान्यतेबद्दलच्या 1997 च्या लिस्बन करारातली कसोटी अशी की दोन्हींत ‘ठळक फरक’ नसेल तर मान्यता द्यावी. भारत त्या करारात नाही, पण जर्मन विद्यापीठं हाच विचार साधारण लावतात. व्यवहारात याचा अर्थ असा की बॅचलरच्या पातळीचे क्रेडिट मास्टर्समध्ये वळते होत नाहीत. ज्यांवर पदवी मिळून गेली, ते तिथे खर्ची पडले. मान्यता मिळू शकते ती मास्टर्सच्या पातळीच्या पेपरांना. समजा, तू एखाद्या विद्यापीठात एम.एस्सी.चं पहिलं वर्ष केलंस आणि मग गेलीस, तर त्यातले काही पेपर मागता येतील.

खासगी संस्थेचा डिप्लोमा या दोन्ही दारांतून सहसा आत जात नाही. त्यावर मान्यताप्राप्त विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट नसतं, म्हणून समकक्षतेत त्याची भर पडत नाही. आणि पातळी ठरवता येत नाही, म्हणून ट्रान्सफरही होत नाही. सात ईसीटीएस खरंच कमी पडले, तर विद्यापीठात प्रोग्रॅमिंगचे एक-दोन पेपर क्रेडिटसह करून स्वतंत्र ट्रान्सक्रिप्ट घेणं जास्त कामाचं. तुझ्या गुणकाने 7.1 ईसीटीएस म्हणजे सुमारे सव्वापाच क्रेडिट, म्हणजे वर्षभराचं काम नाहीच. मात्र ते पेपर मोजले जातील का, हे आधी लेखी विचारून घे.

आणखी एक वाट असते, ती अनेकांना ठाऊक नसते. थोडी तूट असली तर काही विभाग सशर्त प्रवेश देतात: पहिल्या वर्षी बॅचलरचे ठरावीक पेपर कर आणि पास हो. त्याला जर्मनीत ‘आउफ्लागन’ म्हणतात. ते पेपर मास्टर्सच्या 120 ईसीटीएसमध्ये धरत नाहीत, ते जादा करावे लागतात, म्हणून सेमिस्टर वाढू शकतं. असं पत्र आलं तर किती पेपर, किती मुदतीत आणि नापास झाल्यास काय, हे तीन प्रश्न विचारून मगच होकार दे.

तीन वर्षांची पदवी खरोखर कमी पडते ती कुठे, तेही सांगते. जर्मनीत बॅचलर आणि मास्टर्स मिळून सहसा 300 ईसीटीएस व्हावे लागतात. चार सेमिस्टरचं मास्टर्स 120 चं असतं, तिथे 180 वर भागतं. तीन सेमिस्टरचं 90 चं असतं, त्याला बॅचलरचे 210 लागतात, आणि दोन सेमिस्टरच्या 60 ला 240. तुझ्या 132 ला गुणक लावून 180 च होतात, 210 कुठल्याही गुणकाने होणार नाहीत. म्हणून प्रोग्राम निवडताना सेमिस्टरची संख्या आधी बघ. तू धरलेला दोन वर्षांचा आहे, ते योग्यच आहे.

अमेरिकेबद्दल तू ऐकलंस ते अर्धं खरं आहे. तिथे बॅचलर चार वर्षांची, साधारण 120 सेमिस्टर क्रेडिटची. पण संपूर्ण देशासाठी निर्णय घेणारी एक संस्था नाही, प्रत्येक विद्यापीठ, कधीकधी प्रत्येक विभाग, आपापलं ठरवतो. काही तीन वर्षं थेट नाकारतात, काही मूल्यमापन संस्थेचा अहवाल मागतात, काही बी.एस्सी. अधिक एम.एस्सी. धरतात. तुझे 132 बघून ‘त्यांच्या 120 पेक्षा जास्तच झाले’ असं समजू नकोस. तिथे वर्षं मोजली जातात, आणि क्रेडिटच्या आकड्यातला हा योगायोग कुणाला भुलवत नाही.

आता या आठवड्यात एवढंच कर. त्या प्रोग्रामच्या समन्वयकाला एक छोटं ईमेल पाठव. पेपरचं नाव, तुझे क्रेडिट, गुणकानंतरचे ईसीटीएस आणि तू कुठल्या रकान्यात धरलास, असा एक पानी तक्ता जोड. प्रश्न एकच विचार: ‘माझे तीन प्रात्यक्षिक पेपर संगणकशास्त्राच्या 18 मध्ये धरले जातील का? सिलॅबस सोबत आहे.’ प्राथमिक उत्तर बंधनकारक नसतं, असं ते बहुधा लिहितील. तरी ते उत्तर जपून ठेव, आणि ते आल्यावरच डिप्लोमावाल्यांचा फोन घे.