नेल, सुल, आल्ला: आधी आर्टिकल ठरवा

तुमच्या इटालियन वाक्यात 'इन इल' आणि 'सु ला' दिसलं. सुरुवातीला जवळजवळ सगळे असंच लिहितात. मराठीत आर्टिकल नाही, 'वर' आणि 'त' थेट नामालाच लागतात, म्हणून हा मधला दुवा आपल्या ध्यानात येत नाही.

आ, दा, दी, इन, सु या पाच प्रेपोझिशनच्या पुढे इल, ला, लो यांसारखं निश्चित आर्टिकल आलं, की जोडणं सक्तीचं. सुटं लिहिलं तर चूकच. पेर, त्रा, फ्रा सुटेच राहतात. कोनचंही सध्या सुटंच लिहा.

म्हणून नामापासून सुरुवात करा. 'टेबलावर': टेबल म्हणजे 'इल ताव्होलो', म्हणून सु + इल = सुल ताव्होलो. खुर्ची 'ला सेद्या', म्हणून सुल्ला सेद्या. आरसा 'लो स्पेक्क्यो', म्हणून 'आरशात' हे नेल्लो स्पेक्क्यो; इथे 'नेल' लिहिणं ही नेहमीची चूक. आर्टिकल ओळखलं की रूप आपोआप येतं. फक्त इनचं 'ने' आणि दीचं 'दे' होतं, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी चूक उलटी: जिथे आर्टिकलच नाही तिथेही जोडणं.

- शहर: आ रोमा. 'आल्ला रोमा' नाही.
- देश: इन इताल्या. पण अमेरिकेचं 'स्ताती उनीती' हे नाव इटालियनमध्ये अनेकवचनी, म्हणून नेल्यी स्ताती उनीती.
- घरातली खोली: इन कुचीना. मात्र 'मारियाच्या स्वयंपाकघरात' म्हणताना ती ठरावीक खोली होते, आर्टिकल परत येतं: नेल्ला कुचीना दी मारिया.

या तिसऱ्या प्रकारावरच जास्त वेळ घालवा. बाकीची रूपं वापरता वापरता बसतील.